नकार आल्यावर 'कुठे कमी पडले' विचारणारी मेल कशी लिहावी?

अबोली_२

मंडळी, एका मेलवर अडले आहे, मदत हवी आहे.

डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी शेवटच्या फेरीपर्यंत गेले होते. आधी एचआरचा फोन, मग एसक्यूएलची चाचणी, मग घरी करायला दिलेलं काम आणि शेवटी त्या कामाचं तिघांच्या पॅनेलसमोर सादरीकरण. नोटीस पिरियड किती, कधी रुजू होऊ शकाल, इथपर्यंत बोलणं झालं होतं. काल मेल आली: 'आम्ही या वेळी दुसऱ्या उमेदवारासोबत पुढे जात आहोत.' बस, एवढंच.

वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त छळतंय ते हे, की गाडी कुठे अडली ते कळत नाही. पुढच्या मुलाखती सुरू व्हायच्या आत कळलं तर काही करता येईल. म्हणून मेल लिहिली आहे, अजून पाठवलेली नाही:

*विषय: माझ्या मुलाखतीबाबत*
*आदरणीय सर/मॅडम,*
*माझी निवड झाली नाही हे वाचून फार वाईट वाटलं, कारण सगळ्या फेऱ्या चांगल्या झाल्या असं मला वाटत होतं. माझी निवड का झाली नाही याचं कारण कृपया कळवाल का? माझ्यात काय कमी आहे आणि कुठे सुधारणा करावी याबद्दल सविस्तर अभिप्राय दिलात तर आभारी राहीन. भविष्यात संधी असल्यास माझा जरूर विचार व्हावा.*

दोन प्रश्न. हे बरोबर आहे का? आणि पाठवू कुणाला? नकार नो-रिप्लाय पत्त्यावरून आला आहे.

टिटवी

वाचतेय. मलाही लागणार आहे हे.

चष्मेबहाद्दर

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. उत्तर येणार नाही. आलं तर 'आमच्याकडे अनेक उत्तम उमेदवार होते' येईल. मी अशा मेल पाठवून पाहिल्या आहेत, त्यातून शिकण्यासारखं काहीही हाती लागलं नाही. तो वेळ पुढच्या अर्जाला द्या.

पारिजात

अबोली, नुसतं असं लिहून ते निर्णय बदलणार नाहीत गं. तुझी आधीची दोन-तीन कामं जोड, जुन्या साहेबांचं शिफारसपत्र जोड आणि फेरविचाराची स्पष्ट विनंती कर. माझ्या मावसबहिणीला अशाच मेलनंतर परत बोलावलं होतं. त्यांनी निवडलेला माणूस ऐनवेळी आलाच नाही, आणि हिची मेल समोर होती.

अबोली_२

@पारिजात, अगं मला फेरविचार नकोच आहे. फक्त काय चुकलं ते हवंय.

उंबरठा

पारिजात यांनी जे वाचलं तेच एचआरही वाचणार आहे, म्हणून त्यांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. 'फेऱ्या चांगल्या झाल्या असं मला वाटत होतं' आणि 'निवड का झाली नाही' ही दोन वाक्यं शेजारी आली की त्याचा अर्थ होतो, 'तुमचा निर्णय मला पटलेला नाही.' तुमच्या मनात तसं नसेल, पण मेलमध्ये ते आहे.

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसतो, उमेदवार निवडतो, आणि अशा मेल माझ्यापर्यंत येतात. तिकडे काय घडतं ते सांगतो, म्हणजे मेल कशी असावी ते आपोआप कळेल.

शेवटची मुलाखत संपली की पॅनेलमधला प्रत्येकजण आपापला फॉर्म भरतो. ठरावीक मुद्दे असतात, प्रत्येकापुढे गुण आणि दोन-चार ओळींचा शेरा. मग सगळे अर्धा-पाऊण तास बसतात आणि ठरवतात. म्हणजे तुम्हाला हवी असलेली माहिती लिखित स्वरूपात अस्तित्वात असते. पण ती एचआरने तुम्हाला पाठवायची नाही अशी बहुतेक ठिकाणी सूचना असते. 'निवड का नाही' याचं लेखी उत्तर उद्या भेदभावाच्या तक्रारीत पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं ही भीती असते. त्यामुळे 'का' हा शब्द दिसला की ठरलेला मजकूर चिकटवला जातो. चष्मेबहाद्दर यांना जे उत्तर मिळालं ते त्यातलंच.

दुसरं म्हणजे 'का'चं खरं उत्तर पुष्कळदा तुमच्याजवळ नसतंच. समोरच्या उमेदवाराने त्याच क्षेत्रात काम केलेलं असतं, आतल्याच कुणाला बढती द्यायची ठरते, जागाच गोठवली जाते. हे कळून तुम्ही सुधारणार काय?

म्हणून निर्णयाबद्दल विचारू नका. त्या खोलीत त्यांना काय दिसलं ते विचारा, आणि तेही एकाच भागाबद्दल. 'सविस्तर अभिप्राय' मागितला की समोरच्याला निबंध लिहायला बसावं लागतं. तो ते उद्यावर टाकतो आणि उद्या काही येत नाही.

कुणाला पाठवायची? नो-रिप्लायला उत्तर दिलंत तर ते कुणी वाचत नाही. मुलाखतीची वेळ ठरवणाऱ्या माणसाची जुनी मेल शोधा आणि त्याच साखळीत उत्तर द्या. कॅलेंडरचं आमंत्रण उघडलं तर पॅनेलमधल्यांची नावंही दिसतील. सादरीकरण ज्यांनी चालवलं त्यांच्याशी आधी थेट मेलवर बोलणं झालं असेल तर त्यांनाच लिहा. झालं नसेल तर एचआरमार्फत जा, परस्पर गाठलेलं काहींना रुचत नाही. आणि आज-उद्यात पाठवा. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या डोक्यात दुसरे चार उमेदवार मिसळलेले असतात, मग जे उत्तर येतं ते कुणालाही लागू पडेल असं असतं.

शेवटचा_बाक

उंबरठा, दंडवत घ्या. _/\_

'तुमची माहिती आम्ही भविष्यासाठी जपून ठेवू' असं प्रत्येक नकारात असतं. ते कपाट एकदा आतून बघायचंय मला. अर्धी मित्रमंडळी तिथेच भेटतील.

मिलिंदा

एवढं मऊ कशाला व्हायचं? युरोपात असाल तर नकाराचं कारण सांगणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. जीडीपीआरचा उल्लेख करायचा, महिन्याभरात उत्तर द्यावंच लागतं. मित्राने केलंय.

नीरव

मिलिंदा, अर्धं बरोबर आहे. महिन्याची मुदत खरी, पण ती कारण सांगण्यासाठी नाही. जीडीपीआर २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याचं कलम १५ तुम्हाला तुमच्या वैयक्तिक माहितीची प्रत मागायचा हक्क देतं. मुलाखत घेणाऱ्यांनी तुमच्याबद्दल लिहून ठेवलेले शेरे त्यात येऊ शकतात. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका परीक्षार्थीच्या प्रकरणात परीक्षकाचे शेरेसुद्धा त्या परीक्षार्थीची वैयक्तिक माहिती ठरतात असा निकाल दिला होता. मुदत एक महिना, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने वाढवता येते.

पण यातून जे मिळतं ते कागदावर असेल तेवढंच. 'संवाद: ३/५' एवढंच लिहिलेलं असेल तर तेवढंच मिळेल. त्याचा अर्थ समजावून सांगायला त्यांना कुणी बांधील करत नाही. इतर उमेदवारांबद्दलचा मजकूर काळा करून देतात. आणि असा अर्ज गेला की तो विधी विभागाकडे जातो, तुमच्याशी मोकळेपणाने बोलू शकली असती ती माणसं गप्प होतात. अन्याय झाल्याची खात्री असेल तर हा रस्ता आहेच. सुधारणा करायची असेल तर त्याचा उल्लेखही मेलमध्ये नको.

मिलिंदा

मित्राला कारण मिळालं होतं हे मात्र खरं. कदाचित शेऱ्यातच लिहिलेलं असेल. विचारतो त्याला.

उंबरठा

अबोली, एक सांगा. सादरीकरणात चर्चा कुठे अडखळली? सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला? मुलाखतीनंतर काही टिपून ठेवलं होतंत का?

अबोली_२

हो, त्याच संध्याकाळी आठवेल तसं लिहून ठेवलं होतं.

काम असं होतं: एका सदस्यता सेवेची ग्राहकांची नमुना माहिती दिली होती. दर महिन्याला किती टक्के ग्राहक सोडून जातात ते काढायचं आणि काय करावं ते सुचवायचं. माझा आकडा एका महिन्यासाठी ८ टक्के आला. पॅनेलमधल्या एकांनी लगेच विचारलं, '८ कसे? आमच्या हिशेबाने ११ येतात.'

फरक कुठून येत होता ते मला माहीत होतं. महिन्याच्या सुरुवातीला १,००० ग्राहक होते, त्यातले ८० गेले. त्या महिन्यात २०० नवे आले आणि त्यातले ३० त्याच महिन्यात गेले. मी सुरुवातीला असलेल्या १,००० पैकी किती गेले ते मोजलं, म्हणून ८. ते गेलेले सगळे मोजतात, ८० अधिक ३०, म्हणजे ११० भागिले १,०००, म्हणून ११. मी असं का केलं ते नवव्या स्लाइडवर लिहिलं होतं. मी म्हटलं, 'पुढे येतंय ते.' पण दुसऱ्या स्लाइडवरच पंधरा-वीस मिनिटं गेली आणि शिफारशींना वेळ उरला नाही.

आता लिहिताना वाटतंय की हेच विचारायला हवं.

नीरव

तुमचा ८ चुकीचा नाही. जे महिन्याच्या सुरुवातीला नव्हतेच, त्यांना अंशात घेऊन भाजकात न घेणं हे उलट जरा विसंगत आहे. पण कितीतरी कंपन्या तसंच मोजतात, कारण येऊन लगेच गेलेला ग्राहक हाही तोटाच आहे आणि तो आकड्यात दिसावा असं त्यांना वाटतं. दोन्हीला आधार आहे.

म्हणूनच प्रश्न नीट विचारा. त्यांना पद्धत खटकली, की ती उशिरा कळली? पुढे काय करायचं ते या दोन्हींत पूर्ण वेगळं आहे.

चष्मेबहाद्दर

मला हे धोक्याचं वाटतं. समोरच्याने अजून काही म्हटलेलं नाही आणि तुम्ही स्वतःहून आपल्या दुबळ्या जागेवर बोट ठेवताय. उद्या त्याच कंपनीत अर्ज केलात तर ही मेल नोंदीत असणार. शिवाय तुम्ही पर्याय पुढे केलेत की माणूस त्यातलाच एक उचलतो. खरं कारण तिसरंच असेल तर ते बाहेर येणारच नाही.

उंबरठा

दुसरा मुद्दा बिनतोड आहे. त्याला उपाय एवढाच की प्रश्नाच्या शेवटी एक दार उघडं ठेवायचं, 'की अडचण वेगळीच होती?'

पहिला तितकासा पटत नाही. ती वीस मिनिटं पॅनेलने पाहिलेलीच आहेत, मेलमधून त्यांना नवं काही कळत नाही. कळतं ते एवढंच, की हिला स्वतःला ते जाणवलं. माझ्या हातून पुन्हा बोलावणं गेलंय अशा उमेदवारांना. पण सगळीकडे असंच होतं असा दावा मी करणार नाही.

अबोली_२

नवा मसुदा. जुन्या साखळीतच, एचआरच्या ज्या ताईंनी सगळ्या वेळा ठरवल्या त्यांना:

*नमस्कार,*
*निर्णय कळवल्याबद्दल आभार. तो मला मान्य आहे आणि ही मेल त्याबद्दल नाही.*
*सादरीकरण करताना सोडून जाणाऱ्या ग्राहकांच्या टक्केवारीवर चर्चा बराच वेळ थांबली. त्याबद्दल पॅनेलला एकच विचारायचं होतं. माझी मोजण्याची पद्धत पटली नाही, की पद्धत ठीक होती पण ती मी फार उशिरा सांगितली? की अडचण वेगळीच होती?*
*दोन ओळी पुरेशा आहेत. लिहिण्यापेक्षा बोलणं सोयीचं असेल तर पाच-दहा मिनिटांच्या फोनसाठी तुमच्या वेळेनुसार मी मोकळी आहे. काही सांगणं शक्य नसेल तर तेही मी समजू शकते.*
*पॅनेलने माझं काम बारकाईने वाचलं होतं, ते प्रश्नांतून जाणवलं. त्याबद्दल त्यांना आभार कळवावेत.*

नीरव

उत्तम. फोनचं वाक्य अजिबात काढू नका. जे लिहून देता येत नाही ते लोक बोलून सांगतात.

टिटवी

+१. 'ही मेल त्याबद्दल नाही' हे वाक्य मी उचलणार आहे.

पारिजात

आता मलाही कळलं हे फेरविचारासाठी नाही ते. :) पण 'भविष्यात विचार व्हावा' हे का काढलंस?

उंबरठा

काढलं ते छान केलं. एका मेलमध्ये दोन मागण्या आल्या की सोपी असेल तिलाच उत्तर मिळतं. 'नक्की, तुमची माहिती ठेवली आहे' असं उत्तर आलं की एचआरचं काम संपलं आणि तुमचा प्रश्न तसाच राहिला.

कोरी_पाटी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी अजून शिकतोय, यंदा पहिल्यांदा अर्ज करतोय. सगळीकडे ऑनलाइन चाचणीनंतर नकार येतो, माणसाशी बोलणंच होत नाही. मी कुणाला विचारू?

नीरव

तुमच्या बाबतीत विचारण्यासारखं फार कमी आहे, कारण तुमच्याबद्दल कुणी मत बनवलेलंच नाही. गुण एका रेषेच्या खाली होते आणि यादी कापली गेली, एवढंच झालं. फार तर विचारा की विभागवार गुण मिळू शकतील का. काही चाचणी कंपन्या तसा अहवाल उमेदवारालाही देतात, तो तुमच्याच खात्यात पडलेला असू शकतो, आधी तिथे बघा. नुसत्या रेझ्युमेवरून नकार आला असेल तर मेल लिहूच नका. तिथे एखाद्या ओळखीच्या, त्याच कामातल्या माणसाला रेझ्युमे दाखवणं जास्त उपयोगी पडेल.

जितक्या पुढच्या फेरीत नकार, तितकं विचारण्यात तथ्य, असं मी मानतो.

कोरी_पाटी

अहवाल खरंच खात्यात होता! संभाव्यतेच्या प्रश्नांत वेळ संपलाय, शेवटचे सगळे रिकामे. धन्यवाद.

अबोली_२

अपडेट देते. मेल गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एचआरचं उत्तर आलं: 'निवडलेल्या उमेदवाराला या क्षेत्राचा अधिक अनुभव होता. तुमचं काम पॅनेलला आवडलं. सादरीकरणाबद्दल टीम लीड तुमच्याशी थोडक्यात बोलू इच्छितात.' आणि त्यांचा फोन आला!

ते जे बोलले ते मी लगेच टिपून घेतलं. पद्धतीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. म्हणाले, नववी स्लाइड येईपर्यंत तिघांपैकी दोघांना वाटत होतं की आकडा चुकला आहे, आणि चुकीच्या आकड्यावर पुढचं सगळं उभं आहे असं मनात धरूनच ते ऐकत होते. 'व्याख्या आधी सांगितली असती तर आम्ही तुमच्याशी वाद घातला असता, पण शंका घेतली नसती.'

दुसरी गोष्ट मला अजिबात जाणवली नव्हती. त्यांनी दोनदा विचारलं होतं, 'मग उद्या आम्ही काय करावं?' आणि दोन्ही वेळा मी म्हटलं की नक्की सांगायला आणखी माहिती लागेल. त्यांना तेव्हा हातात असलेल्या माहितीवरून एक ठाम सूचना हवी होती, भले तिच्यासोबत 'हे गृहीत धरलंय' असं जोडलं असतं तरी चाललं असतं.

माझ्या टिपणांत हा प्रश्न एकदाच आहे, आणि त्याच्यापुढे मी 'नीट उत्तर दिलं' असं लिहिलंय.

आता प्रश्न असा, की एचआर म्हणतात क्षेत्राचा अनुभव, लीड म्हणतात हे. खरं काय मानू? आणि आभाराच्या मेलमध्ये व्याख्या नवव्या स्लाइडवर होती, मी ती विसरले नव्हते, हे लिहू का?

शेवटचा_बाक

वा! चष्मेबहाद्दर, आता एक उत्तर तरी आलं म्हणायचं.

चष्मेबहाद्दर

आलं, आणि चांगलं आलं, आनंद आहे. पण हे तिघांतल्या एकाचं मत आहे हे विसरू नका. बाकी दोघांनी वेगळंच काही लिहिलं असेल. एका फोनवरून सादरीकरणाची पद्धतच बदलायला निघालात तर पुढचं पॅनेल म्हणेल, 'पुरेशी माहिती नसताना ही शिफारस कशी करते?'

उंबरठा

नवव्या स्लाइडबद्दल एक अक्षरही लिहू नका. त्यांना ते माहीत आहे, त्यांनीच तर तुम्हाला स्लाइडचा क्रमांक सांगितला. खुलासा गेला की तुम्ही ऐकलं नाहीत असा अर्थ निघतो, आणि तो लीड पुढच्या उमेदवाराला फोन करताना दोनदा विचार करेल. दोन ओळीत आभार माना आणि त्यातलं नेमकं काय उपयोगी पडलं ते एका वाक्यात लिहा.

खरं काय? दोन्ही खरं असू शकतं. एचआरचं वाक्य निर्णयाबद्दल आहे, लीडचं तुमच्याबद्दल. निर्णय अनुभवावर झाला असेल आणि तरीही ही दोन निरीक्षणं तितकीच खरी असतील. अनुभव तुम्ही महिन्याभरात आणू शकत नाही, म्हणून ते बाजूला ठेवा.

अभिप्राय कितपत धरायचा हे मी असं ठरवतो: त्यात घडलेला प्रसंग आहे का? 'आत्मविश्वास कमी वाटला', 'आमच्या संस्कृतीत बसत नाही' यात प्रसंग नाही, त्यातून मी काही शिकायला जात नाही. 'दोनदा विचारलं, दोन्ही वेळा आणखी माहिती मागितली' यात प्रसंग आहे. तो तुम्हाला आठवून पडताळता येतो. एकदा तुमच्या टिपणात आहेच. म्हणजे तो माणूस लक्ष देऊन ऐकत होता.

चष्मेबहाद्दर म्हणतात तेही धरून चला. व्याख्या पहिल्या स्लाइडवर आणण्यात कुठल्याच पॅनेलसमोर तोटा नाही, ते आजच करा. ठाम शिफारशीचं मात्र दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून तेच कानावर येतं का ते बघा. तोवर मधला मार्ग असा, 'हातातल्या माहितीवरून मी हे करेन, आणि अमुक कळलं तर मत बदलेन.' यात उतावीळपणाही दिसत नाही.

नीरव

मला एक आणखी विचारायचं होतं. काम सुरू करायच्या आधी त्यांना विचारता आलं असतं का, की 'सोडून गेला' म्हणजे तुम्ही कुणाला मोजता? कारण माझा अनुभव असा की अशी कामं देताना व्याख्या मुद्दाम मोघम ठेवतात, उमेदवार विचारतो का ते बघायला.

अबोली_२

विचारता आलं असतं. शंका असल्यास मेल करा असं लिहिलेलं होतं. मला वाटलं विचारलं तर येत नाही असं वाटेल.

उंबरठा

नीरव, सगळीकडे मुद्दाम नसतं. आमच्याकडे कामाचा कागद तयार करणाऱ्यालाच कधी कधी जाणवलेलं नसतं की व्याख्या दोन आहेत. पण विचारणाऱ्याबद्दल वाईट मत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

नीरव

मी पाहिलं आहे, एका ठिकाणी. 'स्वतः ठरवता येत नाही' असा शेरा पडला होता. म्हणून मी प्रश्नासोबत स्वतःचं उत्तरही देतो: 'मी असं धरून चाललोय, वेगळं हवं असेल तर सांगा.'

वाचनखूण

धागा फार उपयोगी झालाय. अवांतर वाटेल, पण विचारते. मी अशीच मेल पाठवली, सभ्य, छोटी, एकाच प्रश्नाची. आठवडा उलटला, काही नाही. पुन्हा आठवण करू का, की ते मागे लागल्यासारखं दिसेल?

चष्मेबहाद्दर

मी म्हटलं होतं ना, बहुतेक वेळा हेच होतं.

उंबरठा

एकदा करा, आठवडा-दहा दिवसांनी, त्याच साखळीत, एका ओळीत. नवी मेल लिहू नका, नवा प्रश्न जोडू नका. त्यानंतर उत्तर नाही आलं तर थांबा. तिकडे सूचनाच तशी असेल तर दहा मेल पाठवूनही काही येत नाही, आणि त्याचा तुमच्या कामाशी संबंध नसतो.

तोवर मुलाखतीत कुठल्या प्रश्नावर त्यांनी पुन्हा पुन्हा येऊन विचारलं ते आठवून लिहून काढा. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत आला असेल तर पहिलं उत्तर पोचलं नव्हतं.

वाचनखूण

मुलाखतीला महिना होऊन गेला, आता पुसटच आठवतंय. पण 'ती जबाबदारी तुमच्या एकट्याची होती का' हे दोघांनी विचारलं होतं. मी दोन्ही वेळा 'आम्ही' म्हणूनच सांगत होते.

नीरव

मग ते बहुधा तुम्ही स्वतः काय केलंत ते शोधत होते. आठवणीच्या ओळीत प्रश्न बदलू नका, पण पुढच्या मुलाखतीआधी प्रत्येक कामात तुमचा वाटा कुठला ते कागदावर वेगळं काढून ठेवा.

अबोली_२

आभाराची मेल पाठवली, तीन ओळी. गुरुवारी दुसरीकडे पहिली फेरी आहे, तिथेही घरी करायचं काम देतात म्हणे. दिलं तर नीरव म्हणतात तसं माझं गृहीतक लिहूनच आधी पाठवेन. काय होतं ते इथे कळवते.

मिलिंदा

मित्राला विचारलं. नीरव बरोबर होते, त्याला कारण दिलं नव्हतं, शेऱ्यांची प्रत दिली होती. त्यात एका वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ त्याला अजून कळलेला नाही.